लग्नाच्या आदल्या रात्री घाबरलेल्या मैत्रिणीला काय लिहावं

"माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं उद्या नाशिकला लग्न आहे, मुहूर्त सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांचा. मी बंगळूरूला आहे, मला जाता येत नाहीये. आत्ता साडेनवाला तिने आवाजात निरोप पाठवलाय, हाताला मेंदी आहे म्हणून. म्हणते, 'खूप भीती वाटतेय गं, काय होतंय कळत नाही, हातपाय गार पडलेत.' मी 'सगळं छान होईल' लिहिलं आणि पुसून टाकलं. तिला बरं वाटेल असं काय लिहू?"

आधी एक काम करा. माझं उत्तर लांबणार आहे आणि ते वाचून होईपर्यंत ती फोनकडे बघत बसेल. म्हणून आत्ता एवढंच पाठवा: "ऐकलं गं. मी जागी आहे. सगळ्यात आधी कशाची भीती मनात येते, ती एकच गोष्ट सांग. मग मी नीट लिहिते." हे गेलं की पुढचं वाचा.

मी पुण्यात पौरोहित्य करते, लग्नं लावते. सीमांतपूजन आटोपलं की निघण्याआधी मी वधूच्या खोलीत जाऊन येते. दुसऱ्या दिवशीचा क्रम वडिलांना आणि मामांना सगळेच सांगतात, पण ज्या मुलीचं लग्न आहे तिला तो नीट कोणी सांगत नाही, म्हणून मी ही सवय लावून घेतली आहे. त्यामुळे तुमची मैत्रीण आत्ता ज्या अवस्थेत आहे, तशा मुली मी जवळून पाहत आले आहे. हातपाय गार पडणं, पोटात गोळा येणं, मधूनच रडू येणं, मधूनच काहीच न वाटणं. जिने स्वतः मुलगा पसंत केला, वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर फिरली, तिलाही हे होतं. याचा अर्थ निर्णय चुकला असा होत नाही.

तुम्ही "सगळं छान होईल" पुसलंत ते योग्य केलंत. त्या वाक्यात वाईट काही नाही, पण तिच्या खोलीत आत्ता आत्या आहे, मावशी आहे, चुलत बहिणी आहेत, आणि सगळ्या तेच वाक्य म्हणत आहेत. ते ऐकलं की मुलगी मान डोलावते आणि गप्प होते. भीती तिथेच राहते, फक्त आता ती बोलून दाखवायचीही सोय उरत नाही. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की तिला आत्ता नेमकं काय छळतंय ते काढून घ्यायचं, आणि त्यातलं जेवढं उचलता येईल तेवढं तिच्या डोक्यावरून खाली उतरवायचं. गोड शब्दांचं काम त्यानंतरचं.

भीती साधारण दोन प्रकारची असते. एक उद्याच्या दिवसाची: इतके लोक बघत असतील, मंडपात चक्कर आली तर, रडू आवरलं नाही तर, विधीत काही चुकलं तर, मुहूर्त टळला तर. दुसरी परवापासूनची: आईबाबा कसे राहतील, मी तिथे रुळेन का, माझं जुनं आयुष्य संपलं का. मुली बहुतेक वेळा पहिलीच बोलून दाखवतात, कारण ती बोलायला सोपी असते. आत दुसरी असू शकते.

एका मुलीचं सांगते. सीमांतपूजनाच्या रात्री तिने मला तीनतीनदा एकच विचारलं, "सप्तपदीत माझं पाऊल चुकलं तर काय होतं?" मी तिला सांगितलं की तांदळाच्या सात राशी मांडलेल्या असतात, प्रत्येक पावलाला मी थांबते, कुठला पाय पुढे टाकायचा ते सांगते, आणि मंत्र म्हणून झाल्यावरच पुढची रास. चुकायला जागाच नसते. तिला पटलं, तरी ती बेचैन होतीच. मी उठले तेव्हा तिने हळूच विचारलं, "पाठवणी साधारण किती वाजता होते?" मी म्हटलं, पाचच्या सुमाराला. ती म्हणाली, "म्हणजे सहा वाजता आई घरी एकटी पोचणार." वडील नव्हते, भाऊबहीण नव्हतं. पावलं चुकण्याच्या भीतीमागे सहा वाजताचं ते रिकामं घर होतं.

तिची मैत्रीण तिथेच दुपट्ट्याला टाके घालत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "उद्या रात्री मी काकूंकडेच झोपायला आहे. आईला सांगून आलेय. परवा सकाळी त्यांना घेऊनच तुझ्याकडे पूजेला येते." त्या मुलीचा चेहरा माझ्यासमोर बदलला. कोणी तिला शूर म्हटलं नव्हतं की धीर धर म्हणून सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा वेळ कोणीतरी आपल्या अंगावर घेतला होता.

मेसेज लिहिताना मला हेच महत्त्वाचं वाटतं. उद्याच्या दिवसाच्या भीतीला नेमकी माहिती द्यावी. परवाच्या भीतीला एखादं छोटं, पार पाडता येईल असं वचन द्यावं. आणि दोन्ही तुमच्या नेहमीच्या बोलीत.

माहिती कुठली द्यायची, तर उद्या तिच्यावर किती थोडं अवलंबून आहे याची. मी नाशिक-पुण्याकडच्या, वैदिक पद्धतीने लागणाऱ्या लग्नाचा क्रम सांगते. घराण्याप्रमाणे, जातीप्रमाणे तो बदलतो, आणि नोंदणी पद्धतीचं, बौद्ध पद्धतीचं लग्न किंवा निकाह असेल तर अर्थातच वेगळा असतो. तिच्याकडचा क्रम तिच्या भावाला किंवा बहिणीला विचारून घ्या.

सकाळी पुण्याहवाचन आणि देवक बसवणं होतं, त्यात मुख्य काम आईवडिलांचं. मुहूर्ताच्या आधी मुलगी गौरीहरापुढे बसते. मामाकडची पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, समोर अन्नपूर्णा, आणि चिमटी चिमटी अक्षता वाहायच्या. "गौरी गौरी सौभाग्य दे" असं बायका तिला म्हणायला सांगतात. मला हा सगळ्या लग्नातला सर्वांत निवांत भाग वाटतो, कारण त्या वेळी सगळी गर्दी नवरदेवाच्या स्वागताला धावलेली असते आणि मुलीला कोणी फारसं छेडत नाही. बऱ्याच मुलींची थरथर इथे थांबते. हात एका साध्या, संथ कामात गुंततात आणि श्वास आपोआप खाली बसतो. तुमच्या मैत्रिणीला हे आधीच माहीत असलं की दिवसात एवढा वेळ तिचा आहे, तर तिला रात्रीपासून त्याचा आधार होईल.

मग मामा तिला मंडपात आणतो. अंतरपाट धरतात, समोरचं काही दिसत नाही, पाठीशी मामा उभा असतो आणि शेजारी करवल्या. मंगलाष्टकं सुरू होतात. मुहूर्त टळण्याची भीती असेल तर तिला सांगा की ही मंगलाष्टकं लांबवता येतात. आम्ही घड्याळ समोर ठेवूनच ती म्हणतो. वेळ उरला तर आणखी श्लोक घेतो, नातेवाइकांनी लिहून आणलेले असतील तर त्यांना म्हणायला देतो, आणि वेळ जवळ आली की "तदेव लग्नं सुदिनं तदेव" वर येतो. ११.४७ सांभाळणं हे गुरुजींचं काम आहे, तिने घड्याळाकडे बघायचंही कारण नाही. मुलाकडची गाडी घाटात अडकली, खरंच उशीर झाला, तर पंचांगातली पुढची चांगली वेळ काढता येते. आणि उशिरा लागलं म्हणून लग्न कच्चं राहत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, त्यात मुहूर्ताचा शब्दही नाही. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला, असं त्यात म्हटलं आहे.

विधीत चुकण्याची भीती बहुतेक सगळ्यांना असते. लाजाहोमाच्या लाह्या सांडतील, चुकीचा हात पुढे होईल, नाव घेताना अडखळायला होईल. यावर माझं उत्तर असं की आपल्या विधींनी माणसाची चूक आधीच धरलेली आहे. होमात प्रायश्चित्ताच्या आहुती असतात, त्या राहून गेलेल्या, कमीजास्त झालेल्या गोष्टींसाठीच. पूजेच्या शेवटी "मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर" म्हणतात तेही त्याचसाठी. अगदी चोख लग्नातही हे म्हटलं जातं. सांडलेल्या लाह्यांची सोय शास्त्रात आहे, हे कळलं की मुलींना हसू येतं आणि मनावरचा ताण बराच सैल होतो.

चक्कर येण्याची भीती मात्र मी नुसती शब्दांवर सोडत नाही, कारण ती खरी होऊ शकते. सकाळपासून उपास, जरीचा जड शालू, होमाचा धूर, आणि मंगलाष्टकांत हार हातात धरून दहापंधरा मिनिटं पाटावर उभं राहणं. गुडघे ताठ करून एकाच जागी उभं राहिलं की रक्त पायात साठतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाय साधा आहे. गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि साडीच्या निऱ्यांआड पायाची बोटं सतत हलवत राहायची, टाचा किंचित उचलून टेकवायच्या. कोणाला दिसत नाही. उपास असला तरी दूध, केळं, लिंबाचं सरबत चालतं का ते घरच्या मोठ्यांना विचारून ठेवावं. बहुतेक घरांत चालतं, फक्त गडबडीत द्यायचं राहून जातं. अंधारी यायला लागली तर लाज न बाळगता मागे वळून मामाला सांगायचं आणि खाली बसायचं. वधू बसून मंगलाष्टकं ऐकते आहे, असं लग्न मी लावलेलं आहे, आणि ते बाकीच्यांसारखंच लागलं.

आता मेसेज. समजा तुमच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं की "बाबांच्या गोळ्या सतत मनात येतायत, उद्या गडबडीत त्यांना कोण देणार", आणि वर "मंडपात उभी राहू शकेन की नाही कळत नाही". तर मी असं लिहीन:

"अगं, ऐकलं तुझं. हातपाय गार पडलेत ना, पडू देत. दहावीच्या तोंडी परीक्षेच्या आधीही असेच पडले होते, आणि आत गेल्यावर तूच सगळ्यांत जास्त बोलून आली होतीस. आता नीट ऐक. उद्या तुला काहीही लक्षात ठेवायचं नाहीये. हात कुठे धरायचा, पाय कुठला टाकायचा, सगळं गुरुजी त्या त्या वेळी सांगतात. गौरीहरापुढे बसशील तेव्हा तुला कोणी छेडणार नाही, तेवढा वेळ अगदी तुझा आहे. मंडपात मामा तुझ्या पाठीशी असेल. पायाची बोटं हलवत राहा म्हणजे चक्कर येत नाही. बाबांच्या गोळ्यांचं मी दादाशी आत्ता बोलले. सकाळची नाश्त्यानंतर आणि दुपारची जेवणानंतर तो देणार आहे, दोन्ही पाकिटं त्याच्या खिशात आहेत, आणि अडीच वाजता मी त्याला फोन करून खात्री करणार आहे. तेव्हा ते तू डोक्यातून काढून टाक. झोप आली नाही तरी दिवा बंद करून आडवी हो. उत्तर पाठवायची गरज नाही, मेंदी जप. रात्री कधीही बोलावंसं वाटलं तर फोन कर, मी आवाज चालू ठेवलाय. आणि आपला रविवारचा फोन आहे तसाच राहणार, पुढच्या रविवारी मीच करते. खूप खूप प्रेम तुला."

हे लिहिण्याआधी एक गोष्ट घडलेली हवी: दादाशी खरंच बोलणं झालेलं हवं. आधी त्याला फोन, मग तिला मेसेज. वचन आधी देऊन मग जुळवाजुळव करायला गेलात आणि दादाने फोन उचलला नाही, तर तुम्हीच तिच्या डोक्यात आणखी एक काळजी घालून ठेवाल. तुम्ही लांब आहात, म्हणून तुम्हाला काहीच उचलता येणार नाही असं समजू नका. लांबच्या माणसाला फोन करायला उसंत असते. कार्यालयात असलेल्यांना तीच नसते.

दहावीच्या परीक्षेची आठवण मी उदाहरणादाखल घातली आहे. तुमच्या दोघींची खरी आठवण तिथे घाला, आणि ती अशी निवडा की त्यात ती घाबरली होती आणि तरी निभावून गेली. "तू किती धीट आहेस" म्हटलं तर ती मनात म्हणेल, मी नाहीये. पण घडलेला प्रसंग तिला नाकारता येत नाही, तो तिनेच जगलेला असतो. आणि असा प्रसंग फक्त तुम्हालाच माहीत आहे, खोलीतल्या मावशीला नाही. म्हणूनच तिने रात्री साडेनवाला तुम्हाला निरोप पाठवला.

रविवारच्या फोनची ओळ लहान वाटेल, पण माझ्या मते मेसेजमधली सगळ्यात कामाची तीच आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मुलीला सगळं एकदमच बदलतंय असं वाटत असतं: घर, खोली, कधीकधी आडनावसुद्धा. त्यात आठवड्याचा एक फोन आहे तसा राहणार, हे कळणं फार मोलाचं असतं. तुमचा रविवारचा फोन नसेल तर जे काही खरंच चालत आलंय ते लिहा. नवीन वचनं शोधू नका.

आता मी मुद्दाम काय गाळलं ते सांगते. "उद्या तू सगळ्यांत सुंदर दिसशील" हे गाळलं, कारण ती आधीच चेहऱ्याच्या काळजीत असते, झोप नाही झाली तर डोळ्यांखाली काळं दिसेल म्हणून आणखी झोप उडते. सासरी कसं वागावं याचा सल्ला गाळला. पहिल्या रात्रीवरची थट्टा गाळली; इतर वेळी तुमच्यात ती चालत असेल, पण आज ती नेमकी त्याच भीतीवर बोट ठेवू शकते. "आता काय, मागे फिरता येणार नाही" हे तर गमतीनेही लिहू नका. आणि शाळेच्या बाकापासूनच्या आठवणींचं लांबलचक पत्रही आज नको, मनात कितीही दाटून आलं असलं तरी. ते वाचून ती रात्री अकराला ओक्साबोक्शी रडेल आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी मेकअपला बसेल. ते पत्र जरूर लिहा, हाताने लिहा, आणि लग्नानंतर आठवड्याभराने तिच्या नव्या पत्त्यावर पाठवा. तेव्हा पाहुणे पांगलेले असतात आणि माहेरची खरी आठवण यायला लागलेली असते.

आवाजात पाठवायचं की लिहून? तिच्या हाताला मेंदी आहे, म्हणजे फोन बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. तुमचा आवाजातला निरोप लागेल तो मोठ्याने, सगळ्या खोलीसमोर. म्हणून खाजगी सगळं लिहून पाठवा. ते तिच्या डोळ्यांसमोर धरता येतं. पण त्याच्याबरोबर अर्ध्या मिनिटाचा आवाजही पाठवा, ज्यात नुसतं "झोप आता, मी आहे" एवढंच असेल. ओळखीच्या माणसाचा संथ आवाज ऐकून जे होतं ते वाचून होत नाही. बोलताना स्वतः सावकाश बोला, तुमची घाई तिच्यात उतरते.

झोपेचं एवढंच. एक रात्र झोप लागली नाही म्हणून दुसरा दिवस वाया जात नाही, शरीर तेवढं निभावून नेतं. "झोपलीच पाहिजे" या धाकानेच झोप उडते. म्हणून मी "आडवी हो" लिहिलं, "झोप" असं बजावलं नाही. तिने विचारलंच तर श्वासाची एक रीत सांगा: चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबला की छातीतली धडधड उतरते. आणि बहिणीला सांगा, आता तिला चहा-कॉफी देऊ नका, त्याचा अंमल पाचसहा तास सहज टिकतो. मागितलाच तर हळद घातलेलं गरम दूध द्या.

इथपर्यंतचं सगळं मी असं धरून लिहिलंय की तिला हे लग्न हवं आहे आणि फक्त भीती वाटतेय. ते तसं आहे ना, हे तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून कळेल, म्हणून तो प्रश्न आधी पाठवायला सांगितला. नुसत्या भीतीत साडी, लोक, आई, उद्या, मंडप असे शब्द येतात, आणि नवऱ्या मुलाचं नाव आलं तरी ते सहज येतं, "त्यालाही झोप नाहीये म्हणे" असं. पण ती म्हणाली की त्याची भीती वाटते, त्याने हात उचलला होता, त्यांच्याकडून ऐनवेळी पैशांची किंवा गाडीची मागणी आली आहे, किंवा मी नाही म्हटलं होतं पण कोणी ऐकलं नाही, तर वरचा मेसेज पाठवू नका. अशा वेळी धीर देणं म्हणजे तिचं म्हणणं दाबणं. लगेच फोन करा, ती एकटी असताना बोला, आणि एवढंच विचारा: "तुला हे थांबवायचं आहे का? घरात तुझ्या बाजूने कोण उभं राहील?" मग त्या माणसाला फोन करा. हुंडा मागणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. कार्यालयाचे पैसे भरलेत, पत्रिका वाटल्यात, हे कारण मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. आमच्याकडे सातव्या पावलापर्यंत थांबता येतं, आणि मुलीने नाही म्हटलं तर मी मंत्र पुढे म्हणत नाही.

या दोन टोकांच्या मधलंही काही असतं. "तो चांगला आहे, पण मला नक्की कळत नाहीये." हे आदल्या रात्री फार मुली बोलतात आणि त्याचा अर्थ तुम्हाला किंवा मला इथे बसून लावता येणार नाही. तिला विचारा की हा विचार आजचा आहे की महिनाभरापासूनचा. आजचाच असेल तर बहुधा थकवा आणि गडबडच बोलतेय. तिला त्याच्याशीच दहा मिनिटं फोनवर बोलायला सांगा. सीमांतपूजनात दोघं शेजारी बसून गेलेली असतात, पण धड एक वाक्य बोललेली नसतात. मी पुष्कळ जोडप्यांना हे सुचवते, आणि पलीकडचा मुलगाही तितकाच घाबरलेला निघतो. मुलगे सांगत नाहीत, पोट बिघडलंय म्हणतात. विचार महिनाभराचा असेल तर मात्र आत्ताच्या आत्ता आई, वडील, बहीण, ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याला उठवून तिच्याजवळ बसवा.

शेवटचं, सकाळचं. सात वाजल्यानंतर तिला मेसेज करू नका, मुंडावळ्या बांधलेल्या मुलीला फोन हातात घेणं नकोसं होतं आणि न वाचलेले निरोप दिसले की उगाच रुखरुख लागते. बहिणीला करा. साडेआठला विचारा, "तिने दूध घेतलं का?" आणि गौरीहराच्या आधी, साधारण पावणेअकराला, पुन्हा एकदा विचारा, "पाणी पाजलं का? तिच्या रुमालाची आणि पिनांची पिशवी कोणाकडे आहे?" मग अडीचला दादाला फोन, ठरल्याप्रमाणे. गोळी दिली असं त्याने सांगितलं की तिला दोनच शब्द पाठवा: "गोळी दिली." ती ते संध्याकाळी गाडीत बसल्यावर वाचेल.